स्कॅन केलेल्या पुस्तकाची पानं सरळ आणि एकसारखी कशी होतात
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘नुसत्या पांढऱ्या कडाच तर कापायच्या आहेत, पाच मिनिटांचं काम!’ असं म्हणत बरेच जण पेनड्राइव्ह पुढे करतात. कडा कापायला पाच मिनिटं पुरतातही. पण तसं कापलेलं पुस्तक पडद्यावर उलटत गेलं की मजकूर पानागणिक उड्या मारतो, एका पानावर डावीकडे, पुढच्यावर उजवीकडे, मग एकदम वर. तसं होऊ नये म्हणून आम्ही काय करतो आणि त्याला वेळ का लागतो, ते इथे लिहिलं आहे.

नुकतंच हातून गेलेलं एक काम उदाहरणाला घेऊ. एका घराण्याचा कुलवृत्तांत, डेमी आकाराचा, खिळ्यांवर छापलेला. घरातल्या कुणीतरी तो ए-फोर आकाराच्या स्कॅनरवर पान-पान ठेवून स्कॅन केला होता. पुस्तक लहान आणि काच मोठी, त्यामुळे प्रत्येक पानाभोवती भरपूर पांढरी जागा होती. शिवाय डावीकडची पानं एका बाजूला कललेली आणि उजवीकडची दुसऱ्या बाजूला. हाताने पुस्तक दाबून धरलं की हे असंच होतं.

आधी सरळ, मग कापणी

क्रम उलटा केला तर काम फुकट जातं. या पुस्तकात ओळीची लांबी 10 सेंटिमीटर आणि मजकुराची उंची साडेसोळा सेंटिमीटर होती. पान फक्त 2 अंशांनी कललं असेल तर ओळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर खाली जातं, म्हणजे अर्ध्या ओळीहून जास्त. वरच्या ओळीची सुरुवात आणि तळाच्या ओळीची सुरुवात यांत तर जवळजवळ 6 मिलिमीटरचा फरक पडतो. अशा तिरक्या मजकुराभोवती सरळ चौकट आखायची तर ती साडेदहा सेंटिमीटरहून रुंद ठेवावी लागते, नाहीतर कोपऱ्यातली अक्षरं कापली जातात. आणि एवढी रुंद चौकट ठेवली की कडा प्रत्येक पानावर वेगळ्या दिसणार. म्हणून आधी पान सरळ करायचं आणि मगच चौकट आखायची.

सरळ म्हणजे कशाला धरून सरळ? कागदाच्या कडेला धरून मुळीच नाही. जुन्या पुस्तकांत छपाईच कागदावर तिरकी बसलेली असते किंवा बाइंडरने कापताना पान वाकडं कापलेलं असतं. आम्ही ओळ सरळ करतो, मग कागदाची कड तिरकी दिसली तरी चालते, ती कापूनच जाणार असते.

कलण्याचा कोन सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. ते पान थोडं-थोडं फिरवून बघतं आणि प्रत्येक आडव्या पट्टीत काळेपणा किती आहे ते मोजतं. ज्या कोनाला काळे पट्टे आणि पांढरे पट्टे सर्वांत स्पष्ट वेगळे होतात, तो बरोबर. देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे हे छान जमतं, ओळ जणू पट्टी ठेवून आखलेली असते. पण जिथे ओळीच नाहीत तिथे गडबड होते. या कुलवृत्तांतात काही पानांवर कुंडल्या होत्या. कुंडलीत तिरप्या रेषा लांब आणि ठळक, अक्षरं मात्र चार-दोन, त्यामुळे सॉफ्टवेअरने ती पानं आणखी वाकडी केली. वंशवृक्ष, नकाशे आणि फोटो असलेल्या पानांचंही तेच. अशी पानं आम्ही एकेक करून हाताने फिरवतो.

मजकूर उड्या का मारतो

खरा वेळ इथे जातो. सॉफ्टवेअर प्रत्येक पानावरचा मजकूर शोधून त्याभोवती चौकट आखतं आणि सगळ्या चौकटी एका मापाच्या पानावर मांडतं. पूर्ण भरलेल्या पानांना काही अडचण नाही. पण प्रकरणाच्या शेवटच्या पानावर सातच ओळी असतील तर चौकटही तेवढीच होते, आणि मांडणी मध्यावर धरलेली असेल तर त्या सात ओळी पानाच्या मधोमध लटकतात. त्यावर उपाय सोपा, मांडणी वरच्या कडेला धरायची.

तेवढं केलं की दुसरीकडे बिघडतं. प्रकरणाचं पहिलं पान मुद्दाम वरची बरीच जागा सोडून सुरू केलेलं असतं आणि त्यावर पृष्ठांकही नसतो. वर धरून मांडलं की ते शीर्षक थेट डोक्याला जाऊन चिकटतं. अशा पानावर चौकटीची वरची कड ओढून, शेजारच्या पानावर पृष्ठांक जिथे आहे तिथपर्यंत न्यावी लागते. मग रिकामी जागाही मजकुराचाच भाग म्हणून मोजली जाते आणि शीर्षक मूळ जागी राहतं. उलट, कडेला कुणी पेन्सिलीने टीप लिहिली असेल किंवा धूळ पडली असेल तर चौकट नको तितकी फुगते. टीप ठेवायची की काढायची, हे आम्ही तुम्हाला विचारतो. आजोबांचं अक्षर असू शकतं.

शेवटी सगळ्या बाजूंनी 1 सेंटिमीटर समास ठेवला आणि पूर्ण पुस्तक 12 बाय साडेअठरा सेंटिमीटरचं झालं. तपासायची रीत तुम्हीही वापरा: पडद्यावर एका वेळी एकच पान दिसेल असं ठेवा, पहिल्या ओळीवर नजर रोखा आणि पानं भरभर पुढे न्या. ओळ हलली की ते पान चुकलं.

‘कापलं’ म्हणजे नेहमी कापलेलं नसतं

पीडीएफमध्ये कडा कापण्याची नेहमीची सोय फक्त पडदा ओढते. फाइलमध्ये मूळ पान `MediaBox` म्हणून तसंच राहतं आणि `CropBox` एवढाच भाग दाखवला जातो. त्यामुळे फाइलचा आकार कमी होत नाही आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर कडा परत दिसू शकतात. कडेला फोन नंबर किंवा सही असेल आणि ती लपवायची म्हणून कुणी असं कापत असेल तर ते धोक्याचं आहे. आम्ही पानाचं चित्रच नव्याने तयार करतो, त्यात कापलेला भाग उरत नाही.

घरी करून पाहायचं असेल तर ScanTailor मोफत मिळतं, पण ते पीडीएफ घेत नाही, चित्रं घेतं. ती आधी Poppler या मोफत संचातल्या `pdfimages` ने, टर्मिनलमध्ये या आज्ञा देऊन बाहेर काढा:

```
pdfimages -list pustak.pdf
pdfimages -all pustak.pdf pan
```

पहिल्या आज्ञेने `x-ppi` या रकान्यात स्कॅन किती बारकाईचं आहे ते दिसतं. पुढे `Deskew`, `Select Content` आणि `Margins` या पायऱ्या वर सांगितलेल्या क्रमानेच येतात. मजकूर शोधता यावा यासाठीचं ओसीआर सगळ्यात शेवटी करा.

आमच्याकडे देताना

पहिलं स्कॅन, जसं निघालं तसंच आणा. मोबाइलवर सरळ करून, पुन्हा जेपेग साठवून आणलेली फाइल नको, दर वेळी साठवताना अक्षरं थोडी पुसट होतात. नव्याने स्कॅन करणार असाल तर 300 डीपीआय आणि करड्या छटांत करा. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन फिरवलं की अक्षरांच्या कडा दातेरी होतात आणि आधी अनुस्वार आणि बारीक जोडाक्षरं बिघडतात.

शिवणीजवळ ओळी वाकलेल्या असतील तर फिरवून त्या सरळ होत नाहीत. एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक सुटतं. थोडं वाकलं असेल तर सॉफ्टवेअरने ताणून बसवता येतं, पण अक्षरंच शिवणीत गेली असतील तर पुस्तक घेऊन या, नव्याने स्कॅन करू. बांधणी उसवायची का, हे तुमच्यासमोरच ठरेल.

दर पानांच्या संख्येवर नाही, हाताने करायच्या पानांवर ठरतो. त्यामुळे फाइल न बघता फोनवर दर सांगता येत नाही. कृपया आग्रह करू नये. आधी चार पानं नमुन्याला करून देतो: एक भरलेलं, एक प्रकरणाच्या सुरुवातीचं, एक शेवटचं आणि एक चित्राचं. ती पसंत पडली की पुढचं काम सुरू.