विकेंद्रीकरणावरील दीर्घोत्तराची मांडणी : शीर्षके, उदाहरणे आणि निष्कर्ष

'73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने विकेंद्रीकरण साध्य झाले आहे का? चिकित्सक चर्चा करा.' या धर्तीचा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थी 1957 च्या बलवंतराय मेहता समितीपासून इतिहास सांगू लागतात आणि प्रश्नातला 'का' अनुत्तरित राहतो. इतिहासाला चार ओळी पुरेत.

संकल्पना आणि कसोटी

वरिष्ठाने दिलेला व केव्हाही काढून घेता येणारा अधिकार म्हणजे प्रत्यायोजन, तर लोकनियुक्त संस्थेला कायद्याने मिळालेला अधिकार म्हणजे विकेंद्रीकरण, हा फरक आरंभीच स्पष्ट करावा. त्याच परिच्छेदात कामे, निधी आणि कर्मचारी या तीन गोष्टी त्या संस्थेच्या हाती आहेत का, ही कसोटी सांगावी. पुढचे प्रत्येक शीर्षक याच कसोटीला जोडलेले असावे.

घटनात्मक तरतूद

अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय आहेत, एवढे बहुतेक जण लिहितात. मात्र हे विषय आपोआप हस्तांतरित होत नाहीत. राज्य विधिमंडळ कायद्याने ते सोपवू शकते. 'सोपवू शकते' या शब्दांवर थांबून विवेचन केल्यास उत्तर खरोखर चिकित्सक होते, कारण नियमित निवडणूक घटनेने बंधनकारक केली असली तरी अधिकार किती द्यायचे हे राज्यावर सोपवलेले आहे.

उदाहरणे

कोणत्या स्तरावर, कोणता अधिकार आणि पैसा कोणाचा, हे ज्यातून सांगता येते तेच उदाहरण पात्र समजावे. पुणे महानगरपालिकेत 2006 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी पदपथ, बाक यांसारखी लहान कामे क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवू शकतात. अंतिम मंजुरी मात्र महापालिकेचीच असते, म्हणून हा सहभाग आहे, अधिकारांचे हस्तांतरण नव्हे. याच महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याची घटनात्मक तरतूद असूनही कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे राहिला. ही दोन उदाहरणे एकाच शहरातील असल्याने एकमेकांशेजारी ठेवता येतात, आणि माझ्या मते पाच गावांची नुसती नावे देण्यापेक्षा ती अधिक वजनदार ठरतात. ग्रामीण बाजूसाठी महाराष्ट्रातील पंचायतींमधील महिलांचे 50 टक्के आरक्षण घ्यावे. त्यातून प्रतिनिधित्व वाढले, तरी निधीचा प्रश्न वेगळाच उरतो, हे नोंदवावे.

निष्कर्ष

'फायदे आहेत, तसेच तोटेही आहेत' हा समतोल नव्हे, तो निर्णय टाळणे आहे. कसोटीकडे परत जाऊन असे लिहिता येईल : 'घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांना घटनात्मक अस्तित्व आणि व्यापक प्रतिनिधित्व दिले, परंतु कामे, निधी व कर्मचारी यांबाबतचा निर्णय राज्याकडेच राहिल्याने राजकीय विकेंद्रीकरण बऱ्याच अंशी झाले, आर्थिक व प्रशासकीय विकेंद्रीकरण मात्र अपुरे राहिले.'