अंशातला y आणि छेदातला x

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात 50 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला 108 सेकंद येतात. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना 180 मिनिटं असतात. तिथे हात थोडा सैल असतो, पण चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. नागपुरातली बहुतेक मुलं व्हीएनआयटीसाठी जेईई मेन देतात, राज्यातल्या बाकी कॉलेजांसाठी सीईटी देतात, आणि दोन्हीकडे पहिल्या कोटीच्या अवकल समीकरणाशी त्यांची गाठ पडते. डिफरन्शियल इक्वेशन येत नाही म्हणून वेळ जातो, असं फारसं होत नाही. पद्धत चालते, पण ती लांबची निघते, म्हणून वेळ जातो. कोणती पद्धत जवळची, हे पेन टेकवण्याआधी कसं ओळखायचं ते मला इथे सांगायचं आहे, आणि त्यासाठी मी समीकरणांचं एकच कुटुंब घेतो.

धरमपेठेतल्या आमच्या क्लासमध्ये मी हे समीकरण फळ्यावर लिहितो:

dy/dx = (2x − y + 3)/(x + 4y − 5), आणि वक्र (1, 2) मधून जातो.

"सर, हे तर होमोजिनियस करून घ्यायचं, शिफ्ट मारायची," असं पहिल्या बाकावरून हमखास येतं. उत्तर बरोबर आहे. पुस्तकातही तसंच दिलेलं असतं: वरची आणि खालची रेषा जिथे छेदतात तो बिंदू काढा, आरंभबिंदू तिथे हलवा, मग Y = vX ठेवा. चला, तसं करून बघू. 2h − k + 3 = 0 आणि h + 4k − 5 = 0 सोडवलं की h = −7/9 आणि k = 13/9 मिळतं. इथेच निम्म्या वर्गाचा चेहरा पडतो. तरी पुढे जाऊ. X = x + 7/9, Y = y − 13/9 घेतलं की समीकरण dY/dX = (2X − Y)/(X + 4Y) असं होतं. v घातल्यावर X dv/dX = (2 − 2v − 4v²)/(1 + 4v) येतं, इंटिग्रेशन करून X² − XY − 2Y² = C मिळतं, आणि मग ते नऊ छेदाचे अपूर्णांक परत भरून विस्तार करायचा. शेवटी उत्तर येतं. तोवर 108 सेकंद केव्हाच उलटून गेलेले असतात, आणि एवढ्या अपूर्णांकांत एखादं चिन्ह चुकायला कितीसा वेळ लागतो?

आता हेच समीकरण पुन्हा बघा, पण दोनच सहगुणक बघा: अंशातल्या y चा आणि छेदातल्या x चा. अंशात −1 आहे, छेदात +1 आहे. आकडा एकच आहे आणि चिन्हं उलट आहेत. एवढं दिसलं की शिफ्टची गरज उरत नाही. तिरकस गुणाकार करा:

x dy + 4y dy − 5 dy = 2x dx − y dx + 3 dx

उजवीकडचा −y dx डावीकडे आणला की तिथे x dy + y dx तयार होतं, आणि हे तर xy या गुणाकाराचं डिफरन्शियल आहे. बाकी प्रत्येक पदात एकच चल आहे. तेव्हा एका ओळीत इंटिग्रेशन होतं: xy + 2y² − 5y = x² + 3x + c. बिंदू (1, 2) ठेवला की डावीकडे 2 + 8 − 10 = 0 आणि उजवीकडे 4 + c, म्हणून c = −4. वीस-पंचवीस सेकंदांत काम झालं, आणि कुठेही अपूर्णांक लागला नाही.

असं का होतं हे कळलं तर ही खूण पाठ करावी लागत नाही. सेमिनरी हिल्सवर उंची न बदलता चालायचं ठरवलं, तर प्रत्येक पावलाला पूर्वेकडे सरकल्यामुळे जेवढं चढलो तेवढंच उत्तरेकडे सरकताना उतरावं लागेल. x दिशेतला चढ M आणि y दिशेतला चढ N असेल, तर M dx + N dy = 0 ही त्या सपाट चालीची अट झाली. आपल्या समीकरणात सगळं एका बाजूला घेतलं तर M = 2x − y + 3 आणि N = −(x + 4y − 5). प्रश्न एवढाच राहतो, की हे दोन चढ एकाच टेकडीचे आहेत का? एकाच टेकडीचे असतील तर उत्तरेकडे सरकताना M ज्या वेगाने बदलतो, त्याच वेगाने पूर्वेकडे सरकताना N बदलला पाहिजे. M चा y बरोबरचा बदल म्हणजे अंशातल्या y चा सहगुणक, −1. N चा x बरोबरचा बदल म्हणजे छेदातल्या x च्या सहगुणकाचं चिन्ह उलटं करून जे येतं ते, तेही −1. दोन्ही जुळले, म्हणजे टेकडी एकच आहे. अशा समीकरणाला एक्झॅक्ट म्हणतात. फ्रेंच गणिती अलेक्सी क्लेरो आणि ऑयलर यांनी अठराव्या शतकात ही अट मांडली. परीक्षेत आपल्याला तिचं दोन सहगुणकांपुरतं रूप पुरतं.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. लांबच्या वाटेने गेलो तेव्हा इंटिग्रेशनमध्ये (1 + 4v)/(1 − v − 2v²) आलं होतं. त्यात अंश हा छेदाच्या डेरिव्हेटिव्हचाच, फक्त चिन्ह बदललेला. विद्यार्थ्यांना तो सुदैवी योगायोग वाटतो, पण ते दोन सहगुणक आकड्याने सारखे आणि चिन्हाने उलट असले की हे असंच घडतं. म्हणजे होमोजिनियसची वाट धरल्यावर इंटिग्रेशन फारच सोपं निघालं, तर समजावं की आपण एक्झॅक्ट समीकरण लांबून सोडवत होतो.

सापळा चिन्हात आहे. अंशात −y ऐवजी +y असता तर x dy − y dx मिळालं असतं, आणि घाईत पुष्कळ जण त्यालाही d(xy) लिहून मोकळे होतात. ते d(xy) नाही. त्याला x² ने भागलं तर d(y/x) होतं खरं, पण मग बाकीची पदंही x² ने भागली जातात आणि 4y dy सारखं पद दोन चलांत अडकतं. तेव्हा चिन्हं सारखी दिसली की गटबांधणीचा विचार तिथेच सोडायचा. परीक्षक अशा प्रश्नात रेषांचा छेदनबिंदू सहसा पूर्णांकात येईल असा ठेवतो, कारण तिथे शिफ्टच अपेक्षित असते. छेदनबिंदू 7/9 सारखा निघाला तर तो स्वतःच इशारा आहे: शिफ्ट ही इथली वाट नसावी, चिन्हं परत बघा.

सारख्या चिन्हांचं एक उदाहरण मला फार आवडतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो: dy/dx = (x + 2y − 3)/(2x + y − 3). अंशातल्या y चा आणि छेदातल्या x चा सहगुणक दोन्हीकडे +2 आहे, म्हणून एक्झॅक्ट नाही. रेषा (1, 1) मध्ये छेदतात, शिफ्ट छान बसते, पण पुढे (2 + v)/(1 − v²) चे आंशिक अपूर्णांक करावे लागतात. त्याऐवजी अंश आणि छेद यांतली अदलाबदल पाहा: x आणि y यांनी जागा बदलल्या की वरचं खाली जातं आणि खालचं वर येतं. अशी सममिती असली की बेरीज आणि वजाबाकी करायची. dy/(x + 2y − 3) = dx/(2x + y − 3) या गुणोत्तरांत अंशांची व छेदांची बेरीज घेतली तर d(x + y)/(3(x + y − 2)), आणि वजाबाकी घेतली तर d(x − y)/(x − y). दोन्ही समान आहेत. त्यामुळे x + y आणि x − y हीच दोन नवी चलं सरळ वेगळी होतात आणि उत्तर येतं x + y − 2 = C(x − y)³. नववीतलं गुणोत्तर-प्रमाण इथे कामी येतं याचा मला दर वेळी आनंद होतो.

तिसरी शक्यता समांतर रेषांची. dy/dx = (x + 2y + 1)/(2x + 4y + 3) यात x आणि y चे सहगुणक एकाच प्रमाणात आहेत, रेषा कुठेच छेदत नाहीत, आणि शिफ्टसाठी h, k काढायला गेलात तर 0 = 1 असलं काहीतरी हाती लागतं. तसं झालं की चूक शोधत बसू नका. v = x + 2y ठेवा, चलं लगेच वेगळी होतात.

मग क्रम असा ठरतो: आधी तिरके दोन सहगुणक आणि त्यांची चिन्हं, मग समांतर आहेत का, मग सममिती, आणि यातलं काहीच नसेल तर शिफ्ट. ही पाहणी दहा सेकंदांत होते. सीईटीत शिफ्टची वेळ आली आणि प्रश्नात बिंदू दिलेला असेल, तर आधी तो बिंदू पर्यायांत ठेवून पाहणं बरं. वरच्या पहिल्या उदाहरणात (1, 2) पाशी उतार 3/4 येतो. बिंदूतून न जाणारे पर्याय आधी गाळायचे, उरलेल्यांचा त्या बिंदूवरचा उतार काढायचा. उत्तरात नुसता c असेल तर मात्र बिंदूची चाळणी चालत नाही, तिथे पर्यायाचं सरळ डिफरन्शिएशन करावं लागतं.

जेईई मेनच्या संख्यात्मक प्रश्नांत पर्यायच नसतात, आणि तिथे एक्झॅक्टच्या झटपट उत्तरानंतरही एक अडचण उभी राहते. पहिल्या उदाहरणाचं उत्तर y मध्ये वर्गसमीकरण आहे: 2y² + (x − 5)y − (x² + 3x − 4) = 0. x = 1 ठेवला तर y = 2 आणि y = 0 अशी दोन उत्तरं येतात. दुसऱ्या एखाद्या x साठी y विचारला तर कोणतं मूळ घ्यायचं? सूत्राने y = (5 − x ± √(9x² + 14x − 7))/4 मिळतं. ते फिरवून लिहिलं तर x + 4y − 5 = ±√(9x² + 14x − 7). म्हणजे मूळ समीकरणाच्या छेदानेच हे चिन्ह ठरतं. (1, 2) ला छेद 1 + 8 − 5 = 4 आहे, धन आहे, आणि छेद शून्य झाल्याशिवाय वक्राला दुसऱ्या शाखेवर जाता येत नाही. म्हणून x = 1 पासून पुढे सगळीकडे अधिक चिन्ह घ्यायचं.