भागायचं कधी? सारख्या अक्षरांच्या मांडण्या आणि ‘लीलावती’तला अंकपाश

‘सरसर’ या शब्दातली चार अक्षरं उलटसुलट मांडली तर किती वेगवेगळे अक्षरक्रम मिळतात? अकरावीच्या वर्गात हा प्रश्न घातला की निम्मी मुलं २४ म्हणतात आणि उरलेली २४ला कशाने तरी भागायला लागतात. कशाने भागलं, असं विचारलं तर उत्तर येतं, “दोन स आहेत, दोन र आहेत, म्हणून भागलं.” हे चूक नाही, पण एवढ्यावर मुलं पुढच्याच गणितात अडकतात. तिथे भागायचं नसतं आणि ती भागून मोकळी होतात.

हा प्रश्न जवळपास याच आकड्यांत आपल्याच मुलखात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ या गणितग्रंथात विचारला होता. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा आणि ‘लीलावती’ ११५०ची. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्या लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख प्रकाशात आणला. त्या मठात ‘लीलावती’ शेवटापर्यंत शिकणाऱ्याला अखेरीस ‘अंकपाश’ हे प्रकरण लागत असणार. अंकपाश म्हणजे आकड्यांचं जाळं. दिलेले अंक जागा बदलून किती संख्या तयार करतात आणि त्या सगळ्या संख्यांची बेरीज किती, हे त्या प्रकरणात काढायचं असतं.

सगळे अंक वेगळे असतील तर काम सोपं आहे: १, २, ३ असं जागांच्या संख्येपर्यंत गुणत जायचं. आज आपण त्याला क्रमगुणित किंवा सरळ फॅक्टोरियल म्हणतो. चार जागांना २४, पाचांना १२०. मग भास्कराचार्य सारख्या अंकांकडे वळतात:

यावत्स्थानेषु तुल्याङ्कास्तद्भेदैस्तु पृथक्कृतैः।
प्राग्भेदा विहृता भेदाः…

म्हणजे जितक्या जागांवर सारखे अंक आहेत तितक्या जागांचे भेद, म्हणजे मांडण्या, वेगवेगळे काढायचे आणि आधीच्या भेदांना त्यांनी भागायचं. यातला ‘पृथक्कृतैः’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक गटाचा हिशेब स्वतंत्र करायचा आणि प्रत्येकाने भागायचं.

पहिलं उदाहरण आहे २, २, १, १ या अंकांचं. चार जागांचे २४ भेद, दोन दोनांचे २, दोन एकांचे २. २४ला आधी २ने आणि परत २ने भागलं की ६. त्या संख्या अशा: २२११, २१२१, २११२, १२१२, १२२१, ११२२. २च्या जागी स आणि १च्या जागी र ठेवा, की आपला ‘सरसर’ झाला.

वर्गात मी हे चिठ्ठ्यांवर करून घेते. एक स लाल पेनाने, दुसरा निळ्याने. र एक हिरवा, एक काळा. आता चारही अक्षरं वेगळी दिसतात, म्हणून चिठ्ठ्या २४ होतात. मग म्हणते, रंग विसरा आणि सारख्या वाचल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवा. बाकावर सहा गठ्ठे होतात, आणि मोजून बघितलं तर प्रत्येक गठ्ठ्यात बरोबर चार चिठ्ठ्या. लाल-निळ्याची अदलाबदल दोन प्रकारे, हिरव्या-काळ्याची दोन प्रकारे, मिळून चार. आपण भागतो ते गठ्ठे मोजण्यासाठी, आणि सगळे गठ्ठे सारख्या उंचीचे आहेत म्हणूनच भागता येतं. गठ्ठे लहानमोठे निघाले तर २४ चिठ्ठ्यांवरून गठ्ठे किती ते भागाकाराने कळणार नाही.

या उदाहरणात एक खड्डा मात्र लपलेला आहे. दोन आणि दोन यांची बेरीजही चार आणि गुणाकारही चार. त्यामुळे भेदांची बेरीज करून तिने भागणाऱ्या मुलालाही ६ हेच उत्तर मिळतं आणि त्याची चूक कुणाला दिसत नाही. म्हणून मी लगेच ५, ५, ५, ४, ४ देते. तीन पाचांचे भेद ६, दोन चारांचे २. खरं उत्तर १२० भागिले १२, म्हणजे १०. बेरीज करणाऱ्याला १२० भागिले ८, म्हणजे १५ मिळतात, आणि सगळ्या संख्या लिहून काढल्या की पाच जास्त झाल्याचं त्याचं त्यालाच कळतं.

भास्कराचार्यांचं दुसरं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं आहे. १२०ला तीन पाचांच्या ६ भेदांनी भागायचं, उत्तर २०. त्यांनी इथे बेरीजही मागितली आहे, आणि ती म्हणजे उत्तर तपासायची छान सोय आहे. एकमच्या जागेकडे बघा. २० संख्यांमध्ये तिथे ४ चार वेळा येतो, ८ चार वेळा आणि ५ बारा वेळा. १६, ३२ आणि ६० मिळून १०८. दशम, शतम, हजार, दहा हजार, प्रत्येक जागी हाच हिशेब, म्हणजे १०८ गुणिले ११,१११ = ११,९९,९८८. यादी करताना एखादी संख्या सुटली किंवा दोनदा आली तर ही बेरीज जुळत नाही.

या कल्पनेची मुळं ‘लीलावती’च्याही मागे जातात. पिंगलांच्या छंदशास्त्रात गुरू आणि लघू अशा दोनच खुणा असतात. चार अक्षरांच्या चरणात दोन गुरू आणि दोन लघू किती प्रकारे येतील, हा प्रश्न म्हणजे पुन्हा ‘सरसर’च. दहाव्या शतकात हलायुधांनी पिंगलांवरच्या टीकेत मेरुप्रस्तार हा आकड्यांचा त्रिकोण समजावला. त्याची पाचवी ओळ १, ४, ६, ४, १. मधला ६ हेच आपलं उत्तर. तिथे भागाकार लागत नाही, वरच्या दोन घरांची बेरीज करत खाली यायचं. मात्र ही सोय दोनच प्रकारची चिन्हं असताना आहे. तिसरं चिन्ह आलं की एक मेरू पुरत नाही.

संगीतात तर सुरुवातीला भागायची वेळच आली नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांच्या तानांचे ५०४० क्रम मोजले आहेत. एका तानेत स्वर परत येत नाही असं धरल्यामुळे ७ पर्यंतचा गुणाकार पुरतो. पुढे फ्रान्समध्ये मेरसेन यांनी १६३६च्या संगीतावरच्या ग्रंथात स्वर परत येणाऱ्या चालीही मोजायला घेतल्या, आणि तिथे त्यांना भागावं लागलं.

भास्कराचार्य अंकपाशाच्या शेवटी म्हणतात की इथे ना गुणक विचारला आहे, ना भाजक, ना वर्ग, ना घन, तरी गर्विष्ठ गणकबटू या पाशात नक्की पडतात. भाजक विचारलेला नसतो, तो आपल्याला ओळखावा लागतो, आणि कधी कधी तो नाही हेही ओळखावं लागतं.

मुलं पडतात ती इथे. तेच अंक, ४, ८, ५, ५, ५. पण आता त्यांतून तीनच अंक घेऊन तीन अंकी संख्या करायच्या. किती? सवयीने हिशेब होतो, ५ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ६०, पाच तीनदा आहे म्हणून भागिले ६, उत्तर १०. उत्तर पूर्ण संख्येत आलं, म्हणून शंकाही येत नाही. आता मोजून बघू. तिन्ही पाच घेतले तर ५५५ ही एकच संख्या. दोन पाच आणि एक वेगळा अंक घेतला तर वेगळा अंक ४ किंवा ८, आणि त्याला जागा तीन, म्हणून ६. एकच पाच आणि सोबत ४ व ८ घेतले तर तीन वेगळे अंक, म्हणून ६. एकूण १३.

तीन संख्या कुठे हरवल्या ते पुन्हा गठ्ठ्यांवरच दिसतं. पाचांना तीन रंग द्या आणि ६० चिठ्ठ्या करा. ५५५च्या गठ्ठ्यात सहा चिठ्ठ्या. ५५४च्या गठ्ठ्यातही सहा, कारण पहिल्या पाचाला तीन रंग आणि दुसऱ्याला उरलेले दोन. पण ५४८च्या गठ्ठ्यात तीनच, कारण रंग निवडायला पाच एकच आहे. ५५५चा एक गठ्ठा सहांचा, आणखी सहा गठ्ठे सहांचे आणि सहा गठ्ठे तीनांचे: ६ + ३६ + १८ = ६०. चिठ्ठ्या जुळल्या, गठ्ठ्यांची उंची मात्र जुळली नाही, आणि आपण सगळ्यांना सहानेच भागलं. इथे भागाकार सोडून द्यायचा आणि सारखे अंक किती घेतले त्यानुसार एकेक बाजू मोजायची.

थोड्याच जागा भरायच्या असतील तेव्हाचा नियमही ‘लीलावती’त आहे: मोठ्या अंकापासून एकेक कमी करत, जागा असतील तितके अंक गुणायचे. शून्य सोडून नऊ अंकांतून सहा जागा भरायच्या तर ६०,४८०. पण त्या सूत्रात ‘असमाङ्कैः’ असा शब्द आहे, म्हणजे अंक सारखे नसतील तेव्हाच. नियमाची हद्द सूत्रातच सांगितलेली आहे. शिकवताना हा शब्द गाळला की काय होतं ते वर दिसलंच.

भागाकार फसतो अशी दुसरी जागा म्हणजे गोल. दोन लाल आणि दोन पांढरे मणी एका गोल तबकडीवर, कडेच्या सारख्या अंतरावरच्या चार जागांत लावायचे. तबकडी फिरवून जुळत असतील ते प्रकार एकच धरायचे. ओळीत ६ प्रकार, फिरवायच्या रीती ४, म्हणून ६ भागिले ४ = दीड. दीड प्रकार असू शकत नाही, त्यामुळे निदान इथे चूक स्वतःहून ओरडते. लाल लाल पांढरा पांढरा हा क्रम फिरवला की चार वेगळे क्रम देतो. लाल पांढरा लाल पांढरा हा मात्र दोनच देतो, कारण अर्धा फेरा फिरवला की तो होता तसाच दिसतो. एक गठ्ठा चारांचा, एक दोनांचा. खरे प्रकार २.

असे असमान गठ्ठे मोजायची रीत एकोणिसाव्या शतकात बसली. बर्नसाइड यांच्या १८९७च्या पुस्तकामुळे ती त्यांच्या नावावर गेली, पण कोशी आणि फ्रोबेनियस यांना ती आधीपासून माहीत होती. प्रत्येक फिरवणीत किती क्रम जसेच्या तसे राहतात ते मोजायचं. काहीच फिरवलं नाही तर सहाही राहतात. पाव फेऱ्यात एकही नाही, अर्ध्या फेऱ्यात २, पाऊण फेऱ्यात एकही नाही. बेरीज ८. आता मात्र चाराने भागायचं, आणि उत्तर २ येतं.