बदल आणि सातत्य तपासणारा प्रश्न कसा घडत गेला

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत घटनेवरचा प्रश्न टिकून राहिला, त्याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे: तो तपासायला सोपा असतो. अमुक युद्धाची कारणं लिहा, चार मुद्दे, चार गुण. पण दोन-तीनशे वर्षांत काय पालटलं आणि काय तसंच राहिलं, हे त्यातून कळत नाही. फ्रेंच इतिहासकार फर्नां ब्रोदेल यांनी 1958 मध्ये दीर्घ कालावधीवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला आणि संथपणे बदलणाऱ्या रचनांकडे लक्ष वेधलं. परीक्षेच्या कागदावर मात्र हा विचार वेगळ्या वाटेने आला.

इंग्लंडमध्ये 1972 साली 13 ते 16 वयोगटासाठी ‘स्कूल्स कौन्सिल’ या शालेय अभ्यासक्रमांवर काम करणाऱ्या संस्थेचा इतिहास प्रकल्प सुरू झाला. त्याच्या अभ्यासक्रमात एकच विषय प्राचीन काळापासून आजपर्यंत सलग शिकवायचा एक भाग होता आणि त्यासाठी वैद्यकशास्त्राचा इतिहास निवडला गेला. ही निवड फार नेमकी होती. विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत 1628 मध्ये मांडला. तरीही शिरेतून रक्त काढून रोगी बरा करण्याची जुनी पद्धत एकोणिसाव्या शतकातही जोरात चालू होती. ‘हार्वे यांनी काय सिद्ध केलं?’ असं विचारलं, तर विद्यार्थी पाठ केलेला परिच्छेद उतरवतो. ‘1500 ते 1850 या काळात रोग्यावरच्या उपचारांत कितपत बदल झाला?’ असं विचारलं, तर ज्ञान पुढे गेलं आणि उपचार मागेच राहिले, हे त्याला स्वतः जुळवावं लागतं. दुसऱ्या प्रश्नात हार्वे यांचं नावही नाही, आणि ते नसणंच महत्त्वाचं. प्रश्नात एखादी घटना आली की उत्तर तिच्याभोवतीच घुटमळतं.

या प्रकाराला स्वतंत्र निबंधाचा दर्जा मिळाला तो अमेरिकेत शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवणाऱ्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या जागतिक इतिहासाच्या परीक्षेत. मे 2002 मध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा तीन निबंधांपैकी एक खास ‘काळाच्या ओघातील बदल आणि सातत्य’ यासाठी होता. त्याला चाळीस मिनिटं होती, गुण नऊ. 2009 चा प्रश्न साधारण असा होता: इ.स.पू. 200 ते इ.स. 1450 या काळात रेशीम मार्गांवरील परस्परसंपर्काच्या स्वरूपातील सातत्य आणि बदल यांचं विश्लेषण करा.

या एका वाक्यात बरंच काही दडलेलं आहे. दोन्ही टोकांची सालं दिल्यामुळे विद्यार्थ्याला आधी सुरुवातीची स्थिती सांगावी लागते, कारण मुळात काय होतं हे ठाऊक नसेल तर बदल मोजायचा कशावरून? ‘संपर्काचं स्वरूप’ असं म्हटल्याने नुसती राजवटींची यादी चालत नाही. बदल सांगायचा तर बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचणं, सातव्या शतकानंतर इस्लामचा प्रसार, तेराव्या शतकात मंगोलांच्या अमलाखाली मार्गाचा मोठा भाग येणं, हे सगळं उपयोगी पडतं. सातत्य मात्र शोधावं लागतं: रेशमासारख्या कमी वजनाच्या, महाग मालाचं महत्त्व, मरूद्यानांतली शहरं आणि टप्प्याटप्प्याने माल पुढे देणारे मध्यस्थ व्यापारी. पूर्ण मार्ग एकाच व्यापाऱ्याने कापणं क्वचितच घडे.

अशा उत्तरांत घोटाळा बहुधा सातत्याच्या भागातच होतो. ‘व्यापार चालूच राहिला’ एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण कोणत्याही दोन शतकांना लागू पडतं. म्हणून गुणदानाच्या निकषात सातत्यासाठीही ठोस पुरावा मागायला हवा आणि ते का टिकलं याचं कारणही. मध्यस्थांची साखळी टिकली, कारण अंतर प्रचंड होतं आणि उंटांचे तांडे, पाणी, स्थानिक ओळखी या गोष्टी दर टप्प्यावर वेगळ्या लागत. दुसरी चूक त्याहून फसवी असते: विद्यार्थी पहिल्या आणि शेवटच्या सालाची तुलना करून थांबतो, मधली सोळा शतकं गायब. निदान एक वळण कधी आणि कशामुळे आलं, हे सांगण्यासाठी वेगळा गुण ठेवला की ही पळवाट बंद होते.

प्रश्न बरा जमला की नाही, हे तपासायचं तर आदर्श उत्तर स्वतः लिहून पाहावं. पाठ्यपुस्तकातल्या एकाच प्रकरणातून ते पूर्ण होत असेल, तर काळाची मर्यादा कितीही लांब छापलेली असो, प्रश्न घटनेचाच आहे. उलट कालखंड फार ताणला आणि विषय मोकळा सोडला, उदाहरणार्थ नुसतं ‘समाजातील बदल’, तर चाळीस मिनिटांत कोणालाही धड लिहिता येत नाही. कालखंड जितका मोठा, तितका विषय अरुंद हवा.

2017 च्या परीक्षेपासून हा स्वतंत्र निबंध गेला. त्याची जागा दीर्घ निबंधाने घेतली आणि कालांतराने प्रश्नाची धाटणी ‘कितपत बदल झाला, याचं मूल्यमापन करा’ अशी झाली. ‘कितपत’ या शब्दात सातत्य गृहीत आहे खरं. पण ते नाव घेऊन मागितलेलं नसल्यामुळे बदलांवरच सगळा भर देऊन उत्तर संपवता येतं. पुढे 2019-20 पासून अभ्यासक्रमच सुमारे 1200 सालापासून सुरू होऊ लागला. त्यामुळे सोळा शतकांचा रेशीम मार्गाचा प्रश्न आता त्या परीक्षेत मूळ रूपात विचारताच येत नाही. उरतो तो मंगोलांच्या आसपासचा शेवटचा तुकडा.