हाऊस स्टाइल : हस्तलिखिताची एकरूपता

एखादे नियतकालिक आपल्या छपाईसाठी जे लेखनसंकेत ठरवून घेते त्यांना हाऊस स्टाइल म्हणतात. एकाच शब्दाची दोन रूपे प्रमाण असतील तर कोणते घ्यायचे, तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, दशांशासाठी बिंदू वापरायचा की स्वल्पविराम, आकडा आणि एकक यांत जागा सोडायची की नाही, हे त्यात ठरलेले असते. स्वीकृत हस्तलिखित या संकेतांत बसवणे हे कॉपी एडिटरचे काम. या नोंदीत इंग्रजीतून निघणाऱ्या शोधनियतकालिकांपुरता विचार केला आहे. तिथे तीन-चार देशांतले लेखक एकच फाइल लिहितात आणि प्रत्येकाची सवय त्या फाइलमध्ये उतरते.

या कामातला प्रत्येक बदल करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : यात फक्त रूप बदलते आहे की अर्थही बदलू शकतो? `5gm` चे `5 g` केले तर रूप बदलते, आणि ते लेखकाला न विचारता करता येते. `1,250` मधला स्वल्पविराम काढणे मात्र तसे नाही. तो हजाराचा विभाजक असेल तर संख्या साडेबाराशे आहे, दशांशचिन्ह असेल तर सव्वा. दोन्ही प्रकारचे बदल दिसायला सारखेच क्षुल्लक असतात, म्हणून घाईत दुसरा प्रकार पहिल्यासारखा हाताळला जातो.

म्हणून आधी एकदा काहीही न बदलता वाचायचे आणि शैलीपत्रक तयार करायचे. शैलीपत्रक म्हणजे त्या एका लेखापुरती यादी : कोणता शब्द कसा घेतला, तारखेचे रूप कोणते, कोणती एकके कोणत्या रूपात येतात, आणि कशाला हात लावायचा नाही. यादीतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा असतो.

शब्दरूपांत हे चांगले दिसते. नियतकालिक ब्रिटिश वळणाचे आहे एवढे कळून भागत नाही. ब्रिटिश इंग्रजीत `organise` आणि `organize` दोन्ही चालतात. ऑक्सफर्ड वळण दुसरे रूप घेते, पण तेच वळण `analyse` मात्र एस घालूनच लिहिते. `advise`, `revise`, `exercise` या शब्दांत तर झेड कुठल्याच वळणात येत नाही. त्यामुळे शेवटच्या `ise` च्या जागी सरसकट `ize` घातले की नियम पाळताना नव्या चुका तयार होतात. शिवाय नावे आहेत. `International Labour Organization` या नावात `Labour` ब्रिटिश रूपात आहे आणि पुढच्या शब्दात झेड आहे. `Organisation for Economic Co-operation and Development` मध्ये एस आहे. दोन्ही नावे एकाच परिच्छेदात आली तरी जशीच्या तशी राहतात. अवतरणे, संदर्भसूचीतली शीर्षके आणि संगणक-संकेतातली `color` सारखी चलनामे यांनाही हाच न्याय लागू आहे.

तारखांचे एक नमुनादाखल उदाहरण घेऊ. नियतकालिकाचा संकेत आहे दिवस, मग महिन्याचे नाव, मग वर्ष. लेखात म्हटले आहे की नमुने एप्रिल २०२१ मध्ये दर आठवड्याला घेतले. तक्त्यात मात्र पहिल्या रकान्यात वरून खाली हे दिसते : `4-Mar-21`, `4-Oct-21`, `17/04/2021`, `24/04/2021`. नुसता संकेत लावला तर तक्ता छान एकसारखा होईल : ४ मार्च, ४ ऑक्टोबर, १७ एप्रिल, २४ एप्रिल. आणि त्यातल्या पहिल्या दोन्ही तारखा चुकीच्या असतील.

लेखकाने मुळात `03/04/2021` आणि `10/04/2021` असे लिहिले होते, म्हणजे ३ आणि १० एप्रिल. ती स्प्रेडशीट अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावर भरली गेली. तिथे आधी महिना धरला जातो, म्हणून या दोन तारखा ४ मार्च आणि ४ ऑक्टोबर झाल्या. सतरावा आणि चोविसावा महिना नसतो, म्हणून पुढच्या दोन नोंदी तारीख न होता साधा मजकूर म्हणून राहिल्या. मूळ स्प्रेडशीट मिळाली तर हे डोळ्यांनीच दिसते. आधीपासून कसलीही मांडणी लावलेली नसेल, तर तारीख म्हणून ओळखल्या गेलेल्या नोंदी रकान्यात उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे राहतो. फक्त हस्तलिखित हाती असेल तर खुणा वेगळ्या. इथे क्रम मध्येच तुटतो, संशयास्पद नोंदींत दिवस दोन्हीकडे ४ आहे, आणि दिवस-महिना उलटे केले की बरोबर सात दिवसांचे अंतर जुळते. पुरावा इतका भक्कम असला तरी दुरुस्ती परस्पर करू नये. लेखकाला प्रश्न पाठवावा आणि तो थेट उत्तर देता येईल असा असावा : ‘तक्ता २ मधील पहिल्या दोन तारखा ३ एप्रिल व १० एप्रिल हव्यात का?’ ‘तारखा तपासाव्यात’ असे मोघम लिहिले तर बहुतेक वेळा ‘तपासल्या, ठीक आहेत’ असे उत्तर येते.

स्वल्पविरामाचा उलगडाही असाच आजूबाजूला पाहून होतो. त्याच रकान्यात `0,875` किंवा `12,50` असेल तर स्वल्पविराम दशांशाचा आहे, कारण हजाराचा विभाजक असे अंक पाडत नाही. वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ मध्ये दशांशासाठी बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही मान्य केले. मोठ्या संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे तर मध्ये फक्त मोकळी जागा असावी, हेही तिथे पुन्हा सांगितले गेले. म्हणून अनेक शोधनियतकालिके `12 500` अशी बारीक जागा सोडतात.

एककांत बहुतेक बदल रूपाचेच असतात आणि शोधा-बदला आदेशाने होतात, पण आदेश अरुंद हवा. `gm` च्या जागी `g` असा उघडा बदल केला की `pigment` चे `pigent` होते. वर्डमध्ये वाइल्डकार्ड चालू करून असे लिहिता येते :

```
Find:    ([0-9])gm>
Replace: \1^sg
```

आधी अंक असेल आणि शब्द तिथेच संपत असेल तरच बदल होतो. `^s` ही न तुटणारी जागा, तिच्यामुळे आकडा एका ओळीच्या शेवटी आणि एकक पुढच्या ओळीत असे होत नाही. आधीच जागा सोडून लिहिलेल्या `5 gm` साठी वेगळा शोध घ्यावा लागतो. लिटरसाठी `l` आणि `L` दोन्ही १९७९ पासून मान्य आहेत, तेव्हा नियतकालिक जे घेईल ते सगळीकडे घ्यायचे. `mM` आणि `nM`, किंवा `m` आणि `M` यांत मात्र अर्थ बदलतो. तिथे एका झटक्यात सगळे बदलणारे बटण वापरू नये, एकेक जागा पाहावी.

डोळ्यांना सारखी दिसणारी चिन्हेही त्रास देतात. मायक्रोचे चिन्ह युनिकोडमध्ये दोन ठिकाणी आहे, `U+00B5` आणि ग्रीक अक्षर म्हणून `U+03BC`. एकाचा शोध घेतला आणि दुसरे सापडले नाही, तर निम्म्या जागा तशाच राहू शकतात. उणे चिन्ह `U+2212` आणि साधी आडवी रेघ यांचेही तेच.

शोध चित्रांच्या आत पोहोचत नाही. मजकुरात सगळीकडे `mg/L` झाले तरी आलेखाच्या अक्षावर `mg/ltr` आणि दशांशाचा स्वल्पविराम तसाच उरतो. म्हणून शैलीपत्रक हातात घेऊन प्रत्येक आकृती वेगळी पाहतात, आणि प्रतिमा म्हणून आलेली आकृती कोणत्या अक्षावर काय हवे ते लिहून लेखकाकडे पुन्हा काढायला पाठवतात.