चौरस मीटरमागे मिलिग्रॅम: केमोच्या डोसमागचा हिशेब

केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांचा डोस ‘चौरस मीटरमागे इतके मिलिग्रॅम’ असा लिहितात. तो चौरस मीटर म्हणजे रुग्णाच्या शरीराचे पृष्ठफळ, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘बीएसए’. ते प्रत्यक्ष कोणी मोजत नाही, उंची आणि वजनावरून काढतात. गंमत म्हणजे ज्यांनी हा हिशेब बसवला त्यांच्या डोक्यात औषध नव्हतेच.

त्यांना उष्मांक मोजायचे होते. विश्रांतीत शरीर किती उष्णता खर्च करते हे वजनापेक्षा त्वचेच्या क्षेत्रफळाशी जास्त जुळते, असा एकोणिसाव्या शतकातला सिद्धांत होता. १८७९ मध्ये जर्मनीत मेह यांनी फक्त वजनावरून पृष्ठफळ काढायचे सूत्र दिले. पण एकाच वजनाच्या बुटक्या-जाड आणि उंच-सडपातळ माणसांना ते एकच उत्तर देई.

न्यूयॉर्कचे डॉ. युजीन डु बॉईस यांना ते खटकले. नात्यातल्या डेलाफिल्ड डु बॉईस या इंजिनिअरला हाताशी धरून त्यांनी माणसांचे साचेच घेतले. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळलेला साचा कापून सपाट पसरायचा. मग तो फोटोच्या कागदावर ठेवून उन्हात धरायचा आणि उमटलेला आकार कापून तो कागद तोलायचा. कागदाच्या वजनावरून क्षेत्रफळ! १९१६ मध्ये त्यांनी सूत्र छापले, ते अवघ्या ९ जणांच्या मापांवर:

```
BSA = 0.007184 × W^0.425 × H^0.725
```

वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, उत्तर चौरस मीटरमध्ये.

औषधाशी याची खरी गाठ पडली ती बऱ्याच वर्षांनी. १९५८ मध्ये बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड पिंकेल यांनी काही कर्करोगविरोधी औषधांचे प्रचलित डोस शेजारी शेजारी मांडले: प्रयोगशाळेतले प्राणी, मुले, मोठी माणसे. किलोमागे पाहिले तर आकडे कुठल्या कुठे जात होते, चौरस मीटरमागे पाहिले तर बरेच जवळ येत होते. प्राण्यांवरच्या चाचणीतून माणसासाठी पहिला डोस ठरवायला ही सोय मोठी होती. पण उंदीर ते माणूस या पल्ल्यात जे जुळते, ते एका प्रौढाला दुसऱ्यापासून वेगळे काढायला पुरतेच असे नाही. माझ्या मते पुढचा सगळा घोळ इथला आहे.

१९८७ मध्ये मोस्टेलर यांनी साध्या कॅल्क्युलेटरवर बसेल असे सूत्र दिले: `√(H × W / 3600)`. १५२ सेंटिमीटर उंचीची, ५४ किलोची बाई घ्या. गुणाकार ८२०८, भागून २.२८, वर्गमूळ १.५१. डु बॉईस यांच्या सूत्राने १.४९ येते. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम द्यायचे, तर फरक जेमतेम एका मिलिग्रॅमचा. तेव्हा प्रौढांच्या बाबतीत कोणते सूत्र बरे यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच रुग्णाला दर वेळी तेच वापरले म्हणजे झाले.

दोन माणसांत औषध वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडते ते मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडामुळे, आणि त्यांची क्षमता त्वचेच्या मापावरून कळत नाही. म्हणून १९८९ मध्ये कॅल्व्हर्ट यांनी कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाला चौरस मीटरमधून सोडवले. त्यांच्या सूत्रात डोस मूत्रपिंडाच्या गाळणीच्या वेगावर, म्हणजे जीएफआरवर ठरतो; एयूसी म्हणजे शरीराला एकूण किती औषध भेटावे याचे डॉक्टरांनी ठरवलेले लक्ष्य:

```
Dose = AUC × (GFR + 25)
```

तरी चौरस मीटर मागच्या दाराने परत येतो. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे अंदाजाने काढलेला जीएफआर, छापतात तो सहसा ‘१.७३ चौरस मीटरमागे’ असतो. ते १.७३ म्हणजे १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या तरुण स्त्रीपुरुषांची धरलेली सरासरी. आपल्या बाईच्या रिपोर्टवर ९० असेल, तर तिचा स्वतःचा आकडा ९० × १.५१ ÷ १.७३, म्हणजे सुमारे ७९. एयूसी ५ धरून रिपोर्टचा आकडा तसाच घातला तर डोस ५७५ मिलिग्रॅम येतो, दुरुस्त आकड्याने ५२०. सूत्रांच्या वादात एक मिलिग्रॅम होता, इथे ५५ आहेत. आणि रिपोर्टवर नुसते `mL/min` आहे की पुढे `/1.73 m²` जोडलेले आहे, एवढ्यावरूनच तो फरक ओळखता येतो.