घरकामाचा असमान भार आणि नवरा-बायकोतली ओढ (ग्रामीण विदर्भ)

संसारातली कामं आणि घरातली माणसं सांभाळण्याचा भार वर्षानुवर्षं एकाच जोडीदारावर, बहुतेक घरांत बायकोवर, पडत राहतो. त्यातून तिच्या मनात राग साचतो, आणि साचलेल्या रागाखाली नवऱ्याबद्दलची माया व शरीराची ओढ हळूहळू आटत जाते. यासाठी भांडण व्हावंच लागत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. विदर्भाच्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात या प्रश्नाला स्वतःचा एक पीळ आहे. इथली बाई घरातलं सगळं करून वावरातही जाते. निंदण आणि कापूस वेचणी ही शेतीतली सर्वांत वेळखाऊ कामं तिच्याच हातची असतात. त्यामुळे ‘नवरा बाहेरचं बघतो, बायको घरचं’ ही वाटणी इथे मुळातच खरी नाही. बाहेरचं दोघं बघतात, घरचं एकटी बघते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं देतात, आणि हात न लावणारे पुरुषच मुळात जास्त आहेत. ही मोजणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत होते. भाकरी थापणं, धुणं, पाणी भरणं त्यात नोंदलं जातं. वेचणी करता करता ‘पीठ उद्यापुरतंच आहे’ हे मनात घोळत असतं, त्याला मात्र तिथे रकाना नाही. या लेखाचा भर या न दिसणाऱ्या भागावर आहे, कारण राग मुख्यतः तिथे धरतो.

एक नमुन्याचं घर

यवतमाळ जिल्ह्यातलं पाच एकराचं एक कल्पित घर घेऊ. नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि नवऱ्याची आई. दिवाळीनंतरचे दिवस, वेचणी भरात आलेली. बायको पहाटे पाचच्या आत उठते. झाडझूड, सडा, पाण्याचे गुंड भरणं, चहा, भाकरी-भाजी, मुलांचे डबे उरकून नऊला ती वावरात असते. दिवसभर कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीतून वाकत जाणं, परतताना डोक्यावर इंधनाचा भारा, मग पुन्हा चूल. नवराही रिकामा नसतो. बैलांचं वैरण-पाणी, कापूस गाडीत भरून नेणं, व्यापाऱ्याशी बोलणं त्याच्याकडे आहे, आणि खरिपात डवरणी-फवारणीने त्याचंही अंग मोडून निघतं. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर. तो हातपाय धुऊन चौकात जातो. तिचा दिवस रात्री दहापर्यंत चालू असतो.

या घरातलं दळण बघितलं की बाकीच्या कामांचंही कळतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली अशा डोक्यातल्या कामाचे चार टप्पे दाखवले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. ज्वारीच्या पिठाच्या डब्याचा तळ दिसायला लागलाय हे बायको हेरते. गिरणीवर वीज कधी असते, उद्या वेचणीला मजूर येणार असल्याने आजच दळून आणायला हवं का, की दोन दिवस शेजारून पायलीभर पीठ उसनं घ्यावं, हे तीच ठरवते. ज्वारी निवडून, डब्यात भरून, गाडीला बांधायला दोरीही तीच काढून ठेवते. नवरा मोटरसायकलवर डबा ठेवून गिरणीवर जातो आणि येतो. पीठ जाडं निघालं तर भाकर तिची फाटते. त्याच्या हिशेबात दळण त्याने आणलं, आणि ते खोटं नाही. पण कामाचा जो तुकडा त्याच्या वाट्याला आला त्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही. डॅमिंजर यांनी मुलाखत घेतलेल्या घरांतही निर्णयात नवरे सामील होते. आधी हेरणं आणि नंतर नजर ठेवणं हे दोन टप्पे मात्र बायकांकडे होते.

आता या दळणाच्या जागी सासूच्या बीपीच्या गोळ्या ठेवा, मुलाच्या शाळेतली सभा ठेवा, नणंदेच्या घरचं बारसं ठेवा. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचा स्वयंपाक करायचा तर जिन्नस आठवडाभर आधीपासून जमवावा लागतो. पाहुणे जेवून ‘मोठ्या थाटात झाल्या महालक्ष्म्या’ म्हणतात तेव्हा नवराही मान डोलावतो. उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सरगुंड्यांची पाळी.

माणसं सांभाळण्याचं काम

भावनिक श्रमाची कल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली पगारी नोकरीसंदर्भात मांडली: विमानातल्या हवाई सुंदरीला आतून काहीही वाटत असलं तरी चेहरा हसरा ठेवावा लागतो. घरातल्या अशाच कामाला हे नाव पुढे लोकांनी लावलं. कापूसपट्ट्यात त्याला फार जड बाजू आहे. भाव पडला, बँकेची नोटीस आली की घरातला आवाज चढू नये म्हणून मुलांना आत घेणं, सासूला हळू बोलायला सांगणं, नवऱ्याचा चेहरा वाचून पैशांचा विषय उद्यावर ढकलणं, हे बाई करते. कर्जाने खचलेला नवरा गप्प गप्प राहू लागला तर ती रात्री झोपेतही कान जागा ठेवते, फवारणीचं औषध त्याच्या नजरेआड करते. कर्ज दोघांचं असतं, पण त्याच्या भीतीची राखण एकीने करायची असते. ज्याच्या जिवाची राखण करायची त्याच्यावर रागावण्याची सोयही मग उरत नाही, आणि न बोललेला राग कुठे जात नाही.

रागातून ओढ कशी आटते

यामागे दोन वाटा दिसतात. एमिली हॅरिस, अकी गोर्मेझानो आणि सारी व्हॅन अँडर्स यांनी २०२२ साली मुलं असलेल्या, पुरुषांसोबत राहणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरकामाचा मोठा वाटा आपल्यावर आहे असं सांगणाऱ्यांमध्ये जोडीदाराविषयीची कामेच्छा कमी होती, आणि त्याचा संबंध दोन भावनांशी होता. एक, ही वाटणी अन्यायाची आहे. दुसरी, नवरा आपल्यावर अवलंबून आहे. ही दुसरी वाट आपल्याकडे ओळखायला सोपी आहे. टॉवेल कुठे आहे, माझी बंडी कुठे, पोराला ताप आहे त काय करू, असं दिवसभर विचारणारा माणूस तिला सांभाळायचं आणखी एक लेकरू वाटू लागतो. लेकरावर माया करता येते, त्याच्याविषयी ओढ वाटत नाही.

शिवाय अनेक बायकांत इच्छा आपणहून पेटत नाही. जवळीक, निवांतपणा, गोड बोलणं मिळालं की ती मागून येते. एका खोलीचं घर, ओसरीवर सासू, मध्ये मुलं आणि पहाटे पाचचा गजर, यात तो निवांतपणा मुळातच थोडा असतो. उरलेल्या अर्ध्या तासात मनात उद्याची यादी चालू असेल, तर नवऱ्याचा हात अंगावर पडला की तिला तेही आणखी एक काम वाटतं. थकवा आणि राग इथे वेगळे ओळखायला हवेत. थकवा असेल तर उलंगवाडी झाल्यावर, वावरातली घाई संपल्यावर ती मोकळी होते, हसते, जवळ येते. राग असेल तर फुरसत मिळूनही अंतर तेवढंच राहतं.

संशोधनाचे निष्कर्ष सगळे एका बाजूचे नाहीत. १९९०च्या दशकातल्या अमेरिकी माहितीवर २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात, नवरे बायकी समजली जाणारी कामं जास्त करतात त्या घरांत संबंधांचं प्रमाण कमी आढळलं होतं. जर्मन जोडप्यांचा माग काढणाऱ्या २०१६ सालच्या अभ्यासात मात्र, आपला वाटा रास्त आहे असं नवरे सांगत होते तिथे पुढच्या काळात संबंध जास्त आणि समाधानाचे होते. हे अभ्यास परदेशी विभक्त कुटुंबांचे आहेत. सासू, दीर, भाऊबंदकी असलेल्या विदर्भातल्या घराला त्यांचे आकडे लावता येत नाहीत, त्यांतली कारणं तेवढी ताडून बघता येतात.

खुणा

सर्वांत फसवी खूण म्हणजे तक्रार थांबणं. आधी ती म्हणायची, ‘तुमी पोराच्या शाळेत एकदा तरी जा ना.’ मग म्हणणं बंद होतं आणि नवऱ्याला वाटतं, घर आता सुरळीत चाललं आहे. विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही, झोपा तुमी.’ बोलणं निरोपापुरतं उरतं: खत आलं का, गॅस संपला. रात्री ती भांड्यांत, उद्याच्या भाजीत काम काढत बसते आणि तो झोपल्याची खात्री झाल्यावरच आत जाते. धाकटं पोर मोठं झालं तरी दोघांच्या मध्येच झोपतं.

नवऱ्याच्या बाजूनेही हे दुःखाचंच असतं. आपल्याला टाळलं जातंय एवढं त्याला कळतं, कारण कळत नाही. ‘सांगतलं असतं त केलं असतं ना म्या,’ हे तो मनापासून म्हणतो. सांगावं लागणं हेच काम आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

काम सोपवणं

मदतीने फारसा फरक पडत नाही. अख्खं काम, हेरण्यापासून नजर ठेवण्यापर्यंत, दुसऱ्याकडे गेलं तरच डोक्यातला भार उतरतो. वरच्या घरात दळण पूर्ण नवऱ्याचं ठरलं तर डब्याचा तळ बघणं, ज्वारी निवडणं, जाडं पीठ आलं तर गिरणीवाल्याला सांगणं, सगळं त्याचं. हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फसतं. तो विसरतो, संध्याकाळी पीठ नसतं, ती बोलत बोलत स्वतः डबा उचलते आणि काम कायमचं परत तिच्याकडे येतं. त्या दिवशी खिचडीवर भागवून डबा त्याच्यासाठी तसाच ठेवला, तर काम त्याच्याकडे टिकण्याची शक्यता जास्त. सासूने ‘पोरगा बायकोचा गुलाम झाला’ म्हटल्यावर आईशी त्याने बोलायचं असतं. ते उत्तरही बायकोवर आलं तर भार होता तिथेच राहिला.

कोणतं काम आधी सोपवावं याचाही विचार करावा लागतो. मोटरसायकलवर कॅन बांधून पाणी आणायला गावात कुणी पुरुष लाजत नाही. अंगणात बसून भांडी घासायला लाजतो. गाडी, बाजार, दवाखाना, शाळा यांच्याशी जोडलेली कामं म्हणून आधी हलतात. सासूच्या गोळ्या आणि मुलांची शाळा एवढं जरी खरोखर त्याच्याकडे गेलं, तरी तिच्या डोक्यातली यादी बरीच लहान होते. ओढ मात्र लगेच परतत नाही. तिचं मन आधी पाहतं, हे हंगामभर टिकतंय का. आणि दिवसा भांडी घासून रात्री त्याचा मोबदला मागितला तर केलेलं सगळं वाया जातं, कारण मग तीही एक वसुली ठरते.

मर्यादा

इच्छा कमी होण्याची कारणं इतरही असतात. रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, बाळंतपणानंतरचे महिने, पाळी जाण्याचा काळ, नैराश्य, काही औषधं, यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी करून घ्यावी. गावातली आशाताई यात पहिला आधार ठरू शकते. नवरा दारू पिऊन मारत असेल किंवा संबंधासाठी जबरदस्ती करत असेल, तर तो कामाच्या वाटणीचा प्रश्न राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ सालच्या कायद्यात लैंगिक अत्याचारही धरलेला आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो.